दिवाळीला आमच्या घरी येऊन गेल्यापासून तो 'थोडं थांबूया' म्हणतोय, हे नेमकं काय समजायचं?

पेरूची_फोड (धागा सुरू)
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, मोठं होईल, सांभाळून घ्या. मी २८, तो ३०, दोघं पुण्यात नोकरीला, अडीच वर्षं एकत्र आहोत. मी सांगलीची. पप्पांचा हार्डवेअरचा होलसेल धंदा आहे, विश्रामबागेत बंगला, दोन गाळे भाड्याने दिलेत. तो मंगळवेढा तालुक्यातला, आठ एकर जिरायत, वडील शेती करतात, आई घरी, धाकटी बहीण डीएड करतेय. हे सगळं मला पहिल्यापासून माहीत होतं. त्याला मात्र आमच्या घराचा नीट अंदाज नव्हता, मी 'पप्पांचं दुकान आहे' एवढंच म्हणायचे, मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही, सांगलीत सगळेच दुकान म्हणतात.

यंदा दिवाळीत तो पहिल्यांदा घरी आला, दोन दिवस राहिला. सगळे छान वागले, पप्पा तर फारच खूश होते. जेवताना पप्पांनी विचारलं शेती किती, तो म्हणाला आठ एकर, पण पाणी नाही. पप्पा लगेच म्हणाले "अहो मग बोअर मारू, मोटर-पाईप आपल्याच दुकानातून जाईल, त्यात काय!" पाडव्याला आईने त्याच्या हातात अंगठीची डबी ठेवली. तो घ्यायला तयारच नव्हता, मी डोळे मोठे केले तेव्हा घेतली. ती अंगठी त्याने आजपर्यंत घातलेली नाहीये.

त्यानंतर बदललाच. फेब्रुवारीत घरच्यांची बैठक ठरत होती, आता म्हणतो सहा महिने थांबूया. हॉटेलचं बिल रुपयापर्यंत निम्मं करतो, आधी असं कधीच नव्हतं. माझ्या गाडीत बसायचं टाळतो, बसने येतो. पण परवा मला ताप होता तर रात्री ११ ला औषधं घेऊन आला, पेज करून गेला. माझ्यावर चिडत नाही, भांडत नाही, फक्त लग्न म्हटलं की गप्प. विचारलं की म्हणतो "तुझ्यात काही नाही, माझंच गणित बसत नाहीये". मला कळत नाहीये हा माझ्यापासून लांब चाललाय की आमच्या घरापासून. आणि त्यात फरक असतो का?

बिनधास्त_बारामती
ताई स्पष्ट बोलते. ज्याला करायचंय तो करतो. सहा महिने म्हणजे पुढे सहा महिने आणि त्याच्या पुढे अजून सहा. अडीच वर्षं झाली, २८ वय आहे. तारीख मागा, नाही दिली तर मोकळ्या व्हा.

श्री_गणेशा
मला वाटतं त्याच्या घरून दबाव असणार. तुमचं घर बघून त्याच्या घरच्यांना वाटलं असेल की आता हुंडा, गाडी, फ्लॅट मिळायला हवा, आणि तो बिचारा तुम्हाला सांगू शकत नाहीये. आमच्या नात्यात असंच झालं होतं, साखरपुड्यानंतर चारचाकी मागितली. १९६१ पासून कायदा आहे पण कोण ऐकतं. वडिलांना सावध करा.

पेरूची_फोड
@श्री_गणेशा नाही हो, उलट आहे. त्याच्या घरच्यांनी काहीच मागितलेलं नाही, ते अजून आमच्याकडे आलेलेही नाहीत. तो घेतच नाहीये हा प्रॉब्लेम आहे.

नीलपक्षी
क्लिअर न्यूनगंड आहे हा. त्याला सारखं सांगत राहा की पैशाने काही फरक पडत नाही, तुला तो जसा आहे तसा हवाय. आत्मविश्वास आला की आपोआप ठीक होईल.

जिरायती_माणूस
नीलपक्षी, तुमचा हेतू चांगला आहे पण 'पैशाने फरक पडत नाही' हे वाक्य ज्याच्याकडे आहे त्याने म्हटलं की ऐकणाऱ्याला अजून लागतं. मी त्या बाजूने गेलेला माणूस आहे म्हणून सांगतो. माझं सासर नाशिकचं, चांगलं सधन. लग्नाआधी माझी आई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा घरच्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन गेली, पाच किलो, एकेक निवडून, माती पुसून. तीन आठवड्यांनी मी गेलो तर ती पिशवी बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे तशीच, गाठ पण सोडलेली नव्हती. कोणी अपमान केला नव्हता, विसरले होते फक्त. पण मी तिथून पुढे चार महिने लग्नाचं नाव काढलं नाही, आणि बायकोला कारण सांगितलं ते लग्नानंतर दोन वर्षांनी. तेव्हा सांगताच आलं नसतं, शेंगांवरून एवढं काय असंच ती म्हणाली असती. त्यामुळे त्याला 'गणित' विचारू नका, त्या दोन दिवसांत काय काय झालं ते एकेक आठवा. नेमकी एक गोष्ट असते बघा.

पेरूची_फोड
दादा तुमचं वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. त्याच्या आईने पोतं पाठवलं होतं, गेल्या सुगीची मालदांडी ज्वारी, दहा किलो असेल, तो एसटीने मांडीवर घेऊन आला होता. आई म्हणाली "अरे कशाला, आमचं वर्षाचं धान्य भरून झालंय", आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना दिली. मावशी गेटमधून पोतं डोक्यावर घेऊन जात होत्या आणि तो तिथेच पायरीवर बुटाची नाडी बांधत होता. त्याने बघितलं. मी पण बघितलं. आणि मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

मिरजकर_मावशी
पोरी, उशिरा बघितला धागा. मी १६ वर्षं लग्नाआधीचं समुपदेशन करते. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, फरक असतो आणि तो ओळखता येतो, पण 'प्रेम आहे का' असं विचारून नाही.

माणूस तुझ्यापासून लांब जात असेल तर तो सगळीकडूनच पातळ होतो. फोन कमी, आजारपणात विचारपूस कमी, तुझ्या ऑफिसात काय चाललंय ते आठवत नाही. तुझा माणूस ११ वाजता येऊन पेज करतो आणि गाडीत बसत नाही. तो तुला टाळत नाहीये, तुझ्या घरातून येणाऱ्या वस्तूंना टाळतोय. अंगठी, गाडी, बिल. सगळ्यात एकच धागा आहे, घेणं. ज्वारी लागली असेलच, पण बोअरचं वाक्य मला जास्त जड वाटतंय. तुझ्या वडिलांनी प्रेमाने म्हटलं, पण पहिल्याच जेवणात त्याच्या बापाच्या शेताची दुरुस्ती सुरू केली. गावाकडच्या मुलाच्या कानाला ते 'सासऱ्याच्या पाण्यावर शेत' असं ऐकू येतं आणि गावातही तसंच म्हणतात.

दुसरी गोष्ट, कारण तेच राहतं की बदलतं हे बघ. खरी अडचण असली की ती एका जागी बसलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की माणूस आधी रागावतो नाहीतर रडतो, पण त्यानंतर हलतो. निमित्त असलं की एक मिटलं की दुसरं येतं, आज पैसा, उद्या बहिणीचं लग्न, परवा पत्रिका.

आता काय करायचं. 'गणित बसत नाही' म्हणतो ना, मग खरोखर गणित मांडायला बसा. कागद, पेन, दोघांचे पगार, कोण घरी किती पाठवतं, कुणाचे हप्ते किती, कोणासाठी काय बाजूला ठेवायचंय. आणि आधी तू तुझं लिही, पूर्ण. पप्पांच्या नावावर काय, तुझ्या नावावर काय, तुला महिन्याला घरून काही येतं का. तू अडीच वर्षं 'दुकान' म्हणालीस, त्याच्या जागी बसून बघ, तोही विचार करत असेल की हिने का सांगितलं नाही. आणि एक विचारायचं राहिलं, जात वेगळी आहे का? कधी कधी पैशाच्या नावाखाली ती भीती असते.

पेरूची_फोड
मावशी जात वेगळी आहे पण ते दोन्ही घरी पहिल्या वर्षीच सांगून झालंय, त्यावर रडारड पण झाली आणि मिटलं. तेव्हा तर तोच मला धीर देत होता. माझं सगळं सांगितलं नाही हे मात्र खरं. मला घरून दर महिन्याला काही येत नाही पण गाडी पप्पांची आणि मी राहते तो फ्लॅटही पप्पांचाच, मी त्याला 'ओळखीच्यांचा आहे' म्हणाले होते. लिहिताना वाईट वाटतंय.

सावली८८
मावशींशी बरीचशी सहमत, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितेय. माझ्या बाबतीत माझं घर मोठं, त्याचं लहान, आणि तो १४ महिने तेच म्हणत राहिला, तुमच्या तोलाचा मी नाही. मी साधं राहायला लागले, गाडी सोडली, रजिस्टर लग्न करू म्हटलं, माझ्या बाबांनी खर्च निम्मा-निम्मा मान्य केला. प्रत्येक वेळी तो दोन दिवस खूश व्हायचा आणि मग नवीन काहीतरी. शेवटी कळलं की त्याला लग्नच नको होतं, आणि पैशाचं कारण असं आहे की त्यावर समोरचा वाद घालू शकत नाही, उलट आपल्यालाच अपराधी वाटतं. मीच त्याची समजूत काढत बसले. प्रेमळ तो पण होता हो, माझ्या आजीच्या ऑपरेशनला रात्रभर थांबला होता. त्यामुळे पेज करून देणं हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. कागद जरूर मांड, पण त्यानंतर तो स्वतःहून एक तरी पाऊल टाकतो का ते बघ. तू टाकलेली पावलं मोजू नकोस.

मिरजकर_मावशी
सावली, बरोबर आहे तुझं, माझ्या लिहिण्यात ते राहिलं. पाऊल त्याचं हवं.

पेरूची_फोड (नऊ दिवसांनी)
अपडेट देतेय. शनिवारी बसलो. आधी मी माझं लिहिलं, फ्लॅटचंही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला "मला माहीत होतं, लाईट बिलावर तुझ्या पप्पांचं नाव आहे". म्हणजे त्याला आठ महिन्यांपासून माहीत होतं आणि मी सांगण्याची वाट बघत होता.

मग त्याने लिहिलं. त्याच्या परवानगीने टाकतेय. हातात ७१,००० येतात. घरी १८,०००. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ९,५००. रूमचं भाडं ११,०००. बहिणीसाठी आरडी ८,०००. स्वतःचं खाणं-पिणं, पेट्रोल, मोबाईल धरून १२,०००. साडेबारा हजार शिल्लक राहायला हवेत. मी म्हटलं मग बसतंय की. तेव्हा त्याने अजून एक ओळ लिहिली, १०,०००, आणि पुढे काहीच लिहिलं नाही. चुलतभावाने ट्रॅक्टर घेतलाय साडेसहा लाखांचं कर्ज काढून, हा जामीनदार आहे. सहामाही हप्ता ९० हजारांच्या आसपास, दोन हप्ते थकलेत, फायनान्सवाल्यांचे फोन याला येतात, म्हणून हा ऑगस्टपासून महिन्याला १०,००० बाजूला काढतोय. घरी वडिलांनाही माहीत नाही, भावाभावांत भांडणं नकोत म्हणून.

मी विचारलं मला का नाही सांगितलंस. तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते: "दिवाळीच्या आधी सांगणार होतो. पण तुमचं घर बघितल्यावर सांगायचं म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं." आणि पप्पा बोअरचं म्हणाले तेव्हा त्याला वाटलं की आता ट्रॅक्टरचं कळलं तर ते तेही भरून टाकतील, आणि मग आयुष्यभर सगळे हेच म्हणतील की कर्ज फेडायला लग्न केलं. आमचं घर साधं असतं तर हे कर्ज नुसती अडचण असती, आमच्या घरात ते त्याचा हेतू वाटलं असतं. मला हे सुचलंच नव्हतं. मी तीन महिने न्यूनगंड न्यूनगंड करत होते.

ज्वारीचंही मी काढलं. त्यावर तो फक्त म्हणाला "आईने पाखडून दिली होती". बाकी काही नाही.

बळीराजा_७१२
ताई, आनंद झाला की बोलला. पण एक लक्षात ठेवा, आपल्याकडे बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येतंच. सोसायटीचं पीककर्ज पण असणार वडिलांचं, ते पण विचारून घ्या. लग्न झालं की तुम्ही पण त्यात आलात.

शाखा_क्रमांक_४
बळीराजा, अर्धं बरोबर आहे. मी बँकेत वसुली बघतो म्हणून लिहितोय. वडिलांच्या कर्जासाठी मुलगा फक्त मुलगा आहे म्हणून त्याच्या पगाराला हात लावता येत नाही, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर ते संपलं. वडिलांमागे जमीन त्याच्याकडे आली तर त्या जमिनीपुरती जबाबदारी येते, आणि पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर दिसतो, तो बघून घ्या. बायको म्हणून तुम्ही सही केली नाही तर तुमच्यावर काही येत नाही.

पण जामीनदाराची गोष्ट वेगळी आणि ती कडक आहे. त्याने सही केलीय म्हणजे कर्जदाराइतकीच जबाबदारी त्याची. आधी चुलतभावाकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही, कंपनी सरळ त्याच्याकडे येऊ शकते. लोक 'नुसती सही तर आहे' म्हणून करतात आणि इथे अडकतात. आणि थकबाकी त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसते. उद्या तुम्ही दोघं घरासाठी कर्ज मागायला गेलात की मॅनेजर पहिलं हेच काढेल. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, दोघांनी आजच काढा. आणि तो १०,००० साठवतोय ते कुठे? चुलतभावाच्या हातात रोख देत असेल तर ताबडतोब थांबवा, कर्जखात्यात थेट भरायचे आणि पावती घ्यायची. जामीनदाराने भरलेली रक्कम त्याला कर्जदाराकडून मागता येते, पण पुरावा लागतो. खात्याचा उतारा मागवून घ्या, मूळ किती, व्याज किती, दंड किती ते त्यात स्वच्छ दिसतं.

पेरूची_फोड
तीन महिने रोख दिलेत त्याने. बाकी साठवलेत. उतारा कधी मागितलाच नाही म्हणाला. खूप आभार, हे मला कोणी सांगितलं नसतं.

बिनधास्त_बारामती
मी आधी जे लिहिलं ते मागे घेते. पण ताई, हा माणूस कठीण गोष्ट तीन महिने पोटात ठेवतो आणि लग्न पुढे ढकलतो, ते लग्नानंतर पण करेल. ते बोललात का?

पेरूची_फोड
बोललो. मी पण आठ महिने फ्लॅटचं पोटात ठेवलं होतं, त्यामुळे मला फार जोर करता आला नाही. आता दर महिन्याच्या पाच तारखेला कागद घेऊन बसायचं ठरलंय, बघू किती टिकतं. पप्पांना ट्रॅक्टरचं सांगू का? मला सांगावंसं वाटतं, तो नको म्हणतोय.

मिरजकर_मावशी
सध्या नको. कर्ज त्याचं आहे, सांगायचा हक्क त्याचा. पप्पांना फक्त एवढंच सांग की बोअरचा विषय पुन्हा काढू नका, कारण विचारलं तर 'त्यांच्या शेतातलं त्यांना ठरवू द्या' एवढंच. देणाऱ्याला आवरणं हे तुझं काम आहे, त्याचं नाही. त्याला तिथे नाही म्हणायला लावू नकोस.

सावली८८
मला हे पटत नाहीये मावशी. बैठकीनंतर पप्पांना बाहेरून कळलं तर फसवल्यासारखं होईल, आणि मग खापर त्याच्यावरच फुटेल. सांगलीचा व्यापारी माणूस आहे, होणाऱ्या जावयाची चौकशी करणार नाही असं होणारच नाही. बैठकीआधी त्याने स्वतः सांगावं, सोबत उतारा ठेवून, 'एवढं आहे आणि असं फेडतोय' म्हणून. मी म्हणत होते ते पाऊल हेच.

मिरजकर_मावशी
त्याने स्वतः सांगितलं तर सोन्याहून पिवळं. मी फक्त हिने परस्पर सांगू नये म्हणते. बैठकीची घाई करू नका एवढंच, आधी उतारा हातात येऊ दे.

जिरायती_माणूस
ताई, त्याच्या गावी गेलात का कधी?

पेरूची_फोड
नाही दादा. अडीच वर्षांत मी दोनदा म्हटलं, तो टाळायचा. घरात संडास बाहेर आहे, तुला जमणार नाही म्हणायचा. काल रात्री स्वतःहून म्हणाला, रविवारी हुरड्याला चल, आई विचारतेय. (@सावली८८ हे पाऊल धरायचं का? मला धरावंसं वाटतंय.)

सावली८८
धर गं. यात तुला त्याचं घर दिसणार आहे, आणि ते त्याने स्वतः दाखवायचं ठरवलंय. मला माझ्यावाल्याने कधीच नेलं नाही.

जिरायती_माणूस
जा. आणि जमणार नाही म्हणाला तिथे जमवून घेतेय असं दाखवू नका, जे अवघड जाईल ते त्याच्या आईला सरळ विचारा, पाणी कुठे, बादली कुठे. त्यांना त्यातच बरं वाटतं. हुरडा कोवळा असतो, पोट भरून खा आणि त्यावर ताक घ्या.

पेरूची_फोड
काल आईला फोन करून ज्वारीचं सांगितलं. ती आधी म्हणाली अगं मला काय माहीत त्याने बघितलं, आणि मग गप्पच झाली. रात्री तिचाच परत फोन आला. आमच्या मावशींकडून ते पोतं धुऊन मागून घेतलंय तिने, रिकामं कसं पाठवायचं म्हणाली. तिळाच्या वड्या करतेय, आणि त्यांच्या आईंना नऊवारी चालते का सहावारी ते विचार म्हणाली. मी म्हटलं साडी नको आई, वड्या पुरे. पप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. तो म्हणतोय उतारा आला की मी बोलतो, सोमवारी फायनान्सच्या ऑफिसात अर्ज देणार आहे. रविवारी सकाळी सहाला स्वारगेटहून बस आहे, गाडी नेत नाहीये.